पाइपातलं प्रेशर मायनस येतंय, एनर्जी इक्वेशन चुकतंय का?

प्रश्न: दादा, असाइनमेंटमधे गणित आहे. उंचावरच्या हौदातून ३०० मीटर पीव्हीसी पाइपाने पाणी खाली शेतात सोडलंय. हौदातली पातळी पाइपाच्या तोंडापेक्षा १२ मीटर वर, आतला व्यास ८० मिमी, दोन एल्बो आणि तोंडाशी एक गेट वॉल्व्ह. मधे हौदापासून १२० मीटरवर टेकाड आहे, तिथं पाइप तोंडापेक्षा ९ मीटर उंच आहे. वेग काढा आणि टेकाडावरचं प्रेशर काढा. वेग दिलाच नाही तर फ्रिक्शन फॅक्टर कुठून आणू? आणि टेकाडावर प्रेशर मायनस येतंय, चिन्ह कुठं चुकतंय?

उत्तर:

अरे भो, चिन्ह चुकत नाहीये, ते मायनस खरं आहे. गणित देणाऱ्याने टेकाड मुद्दाम घातलंय. मी जळगावकडे शेतीच्या पाइपलाइनची डिझाइनं करतो, रावेर-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याला उतार असा वरखाली आहे की हे टेकाड कागदावरचं राहत नाही, प्रत्येक तिसऱ्या केळीच्या बागेत भेटतं. तर आधी वेग काढू आणि मग टेकाडावर जाऊ.

पहिलं काम म्हणजे दोन बिंदू नीट निवडायचे. एक हौदातल्या पाण्याच्या पृष्ठभागावर आणि दुसरा पाइपाच्या तोंडाशी, जिथं पाणी हवेत पडतं. दोन्हीकडे हवेचाच दाब म्हणून गेज प्रेशर शून्य, आणि हौद मोठा असल्यामुळे पृष्ठभाग जवळपास हलत नाही, तिथला वेग शून्य धर. उरलं काय, तर १२ मीटरची उंची एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला बाहेर पडताना पाण्याकडे उरलेला वेग आणि वाटेत गेलेली एनर्जी.

```
12 = (V²/2g) × (1 + ΣK + f·L/D)
```

कंसातला 1 हा बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेगाचा हेड आहे. पाइप हवेत न उघडता दुसऱ्या हौदात पाण्याखाली उघडत असता तर दुसरा बिंदू त्या हौदाच्या पृष्ठभागावर घ्यायचा, तिथं वेग शून्य, पण एक्झिट लॉसचा K = 1 लागतो. म्हणजे कुठूनही 1 एकदाच येतो. मुलं दोन्ही घालून 2 करतात, नाहीतर एकही घालत नाहीत. K च्या किमती तुझ्या टेबलातून घे, मी तोंड सरळ कापलेलं धरून एंट्रीला 0.5, एल्बोला 0.9 प्रत्येकी आणि पूर्ण उघड्या गेट वॉल्व्हला 0.2 घेतो, बेरीज 2.5.

आता फ्रिक्शन फॅक्टर. तो वेगावर अवलंबून आणि वेग त्याच्यावर, म्हणून अंदाजाने सुरू करायचं आणि उत्तर परत परत त्यातच घालायचं. f = 0.02 धर. L/D म्हणजे 300/0.08 = 3750, तर f·L/D = 75, त्यात 3.5 मिळवले की 78.5, आणि वेग निघतो १.७३ मीटर प्रति सेकंद. या वेगाला रेनॉल्ड्स नंबर बघ, पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी २० अंशाला 1.0 × 10⁻⁶ धरली तर येतो साधारण १,३९,०००, म्हणजे प्रवाह टर्ब्युलंट. पीव्हीसीचा खडबडीतपणा ०.००१५ मिमी घेऊन मूडी चार्टवर बघ किंवा स्वामी-जैनचं सूत्र वापर:

```
f = 0.25 / [log10( ε/(3.7D) + 5.74/Re^0.9 )]²
```

f आला 0.0168. तो परत वरच्या इक्वेशनमधे घातला की वेग १.८८, त्याचा नवा रेनॉल्ड्स सुमारे १,५०,०००, त्यावरून f येतो 0.0166, आणि वेग १.८९. परत केलं तरी आकडा हलत नाही, थांब. दोन-तीन फेऱ्यांत जुळतंच, कारण वेग बदलला तरी f फार थोडा बदलतो. डिस्चार्ज म्हणजे १.८९ गुणिले क्षेत्रफळ ०.००५०३ चौरस मीटर, साधारण ९.५ लिटर प्रति सेकंद. इथं व्यास आतला घ्यायचा हे विसरू नको, बाजारातला ९० चा पीव्हीसी पाइप बाहेरून ९० असतो, आतला व्यास क्लासप्रमाणे कमी होतो. तुझ्या गणितात आतला दिलाय म्हणून बरं.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे आपल्याकडे सगळ्यात जास्त उत्तरं चुकतात. आपली बरीच पुस्तकं फ्रिक्शन लॉस असा लिहितात:

```
hf = 4·f·L·V² / (2gD)
```

त्यातला f हा मूडी चार्टवरच्या f च्या चौथ्या हिश्श्याएवढा असतो. चार्टवरून 0.0166 उचलून या चार वाल्या सूत्रात टाकलं तर वेग ०.९७ वर येतो, म्हणजे जवळपास निम्मा, आणि आकडा वेडावाकडा दिसत नाही म्हणून कुणाला शंका येत नाही. ओळखायचं सोपं आहे, पुस्तकात लॅमिनार फ्लोसाठी f = 64/Re दिलं असेल तर चार लावायचा नाही, f = 16/Re दिलं असेल तर लावायचा. केमिकलवाल्यांच्या पुस्तकात हा 16 वाला जास्त भेटतो.

आता एनर्जीचा हिशोब तपास, हे मी कायम करतो. V²/2g झाला ०.१८३ मीटर. फ्रिक्शनमधे गेले ११.३६ मीटर, एंट्री-एल्बो-वॉल्व्हमधे ०.४६, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे ०.१८. बेरीज १२.० येते. नाही आली तर पुढं जाऊच नको.

टेकाडावरचं प्रेशर काढायला परत तेच इक्वेशन, फक्त दुसरा बिंदू टेकाडावर पाइपाच्या आत. हौदाच्या पृष्ठभागापासून टेकाड ३ मीटर खाली आहे. तिथपर्यंत १२० मीटर पाइप, एंट्री आणि एक एल्बो येतो असं मी धरतो (दुसरा एल्बो टेकाडाच्या पुढं), तुझ्या आकृतीत बघून घे.

```
pB/γ = 3 − (V²/2g) × (1 + 0.5 + 0.9 + f·120/0.08)
     = 3 − 0.183 × 27.2
     ≈ −2.0 m   →   pB ≈ −19 kPa (गेज)
```

मायनस का, ते बघ. टेकाडापर्यंत पाणी फक्त ३ मीटर खाली आलंय, पण तेवढ्या अंतरात फ्रिक्शनने आणि एल्बोने खाल्लं आणि वेगाला लागलं मिळून जवळपास ५ मीटर. हा फरक पाण्याने प्रेशरमधून भरून काढला, म्हणून तिथं दाब हवेच्या दाबाखाली गेला. गेजमधे मायनस आहे, ॲब्सोल्युटमधे १०१ मधून १९ गेले तरी ८२ किलोपास्कल शिल्लक आहे, आणि २० अंशाला पाण्याची वाफ होण्याचा दाब जेमतेम २.३ किलोपास्कल. म्हणजे पाणी उकळत नाही, कॉलम तुटत नाही, उत्तर भौतिकदृष्ट्या शक्य आहे. उत्तर उणे ११ मीटर हेड वगैरे आलं असतं तर मात्र गणित अशक्य झालं असतं, कारण ॲब्सोल्युट दाब शून्याच्या खाली जात नाही, तिथं सरळ लिहायचं की एवढा डिस्चार्ज मिळणारच नाही.

आता प्रेशर ड्रॉप आणि हेड लॉस एकच समजण्याची सवय असेल तर ती इथं मोडते. टेकाडावरून तोंडापर्यंत पाणी जाताना प्रेशर उणे १९ वरून शून्यावर येतं, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने वाढतं! पण एनर्जी कमीच होते, त्या १८० मीटरमधे ७.०२ मीटर हेड गेलं. उंचीत ९ मीटर मिळाले, ७.०२ गेले, उरलेल्या १.९८ ने मायनस भरून निघालं. म्हणून गणितात नुसतं प्रेशर ड्रॉप काढा असं असेल तर hf ला γ ने गुणून मोकळं व्हायचं नाही. ते फक्त पाइप आडवा, व्यास सारखा आणि मधे पंप नसेल तेव्हाच चालतं. नाहीतर उंचीचा फरक आणि वेगाचा फरक दोन्ही मिळवायचे.

असाइनमेंटमधे चौथा भाग म्हणून बहुतेक विचारतात की टेकाडावर प्रेशर मायनस होऊ नये म्हणून काय करशील. बरेच जण लिहितात एअर वॉल्व्ह बसवू. शेतात असं केलेलं मी बघितलंय, तो वॉल्व्ह हवा बाहेर सोडायच्या ऐवजी आत ओढतो, टेकाडावर हवेचा फुगा बसतो आणि डिस्चार्ज पडतो, शेतकरी म्हणतो मोटार नाही काही नाही, नुसतं उतारावरून येतं पाणी, तरी कमी का झालं. साधे जॉइंट ढिले असले तरी तेच होतं, बाहेर पाणी ठिपकत नाही म्हणून गळती दिसतही नाही.

खरा उपाय म्हणजे तोंडाशी असलेला वॉल्व्ह थोडा बंद करणे. टेकाडावर प्रेशर शून्य हवं असेल तर इक्वेशनमधे 3 = (V²/2g) × (2.4 + f·1500) ठेव, f परत नव्या वेगाला जुळवून घे (तो 0.0175 च्या आसपास येतो), वेग १.४३ आणि डिस्चार्ज ७.२ लिटर प्रति सेकंद. वरून तळापर्यंतचं इक्वेशन परत लिहिलं तर वॉल्व्हचा K 0.2 वरून साधारण 46 लागतो, म्हणजे चांगलाच आवळावा लागेल. वॉल्व्ह टेकाडाच्या खालच्या बाजूलाच पाहिजे. हौदाशी असलेला वॉल्व्ह आवळून तोच ७.२ लिटर डिस्चार्ज ठेवला तर टेकाडाआधीच जास्तीचा लॉस होतो आणि तिथं प्रेशर आणखी खाली जातं, जवळपास उणे ४.८ मीटर. हे आकडे तू स्वतः काढून बघ, वरच्याच इक्वेशनमधे एंट्रीच्या K मधे 45.5 मिळवायचे आणि तोंडाशी 0.2 परत ठेवायचा. तुमच्या सरांनी व्हायव्हाला वॉल्व्हची जागा विचारली तर हा आकडा तोंडावर ठेवता येईल.