रेपो दर उतरला, पण नवं मशीन कुणी घ्यायचं?

प्रश्न: एस.वाय.च्या वर्गात दोन विद्यार्थ्यांचा वाद सादर करायचाय. व्याजदर कमी केले की उद्योगांची गुंतवणूक नेहमी वाढते का? मी लिहिलेला संवाद फारच पुस्तकी वाटतोय. उदाहरण कुठलं घेऊ, दोघांच्या तोंडी काय घालू?

उत्तर: 2019 चा भारत घ्या. फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने थोड्या मुदतीचं कर्ज देते तो दर, सलग पाच वेळा कापला, 6.50 वरून 5.15 टक्क्यांवर आणला, आणि त्याच वर्षी गुंतवणुकीचा वेग मंदावला. वाद घालणाऱ्या दोघांपैकी एकालाही मूर्ख करू नका, पुस्तकी वास बहुतेक तिथूनच येतो. मी असा लिहीन:

ओंकार: कर्ज स्वस्त झालं की जो प्रकल्प काल परवडत नव्हता तो आज परवडतो. यात वाद कसला?

मुक्ता: स्वस्त झालं कुणासाठी? ऑगस्ट 2019 पर्यंत रेपो 1.10 टक्क्याने उतरला होता. बँकांच्या नव्या कर्जांचा सरासरी दर उतरला जेमतेम 0.29 टक्का.

ओंकार: मग बँकांनी मलई खाल्ली म्हण की!

मुक्ता: इतकं सोपं नाही रे. बँकेचा पैसा रेपोवर येत नाही, बहुतांशी ठेवींतून येतो. मुदत ठेवीला जो दर कबूल केलाय तो मुदत संपेपर्यंत द्यावाच लागतो. त्यात थकीत कर्जांचं ओझं होतंच.

ओंकार: ठीक, पोचायला उशीर लागतो. पण पूर्ण पोचला असता तर? भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना धर. 1 कोटीचं मशीन, दहा वर्षांचं कर्ज, वर्षाला एक सारखा हप्ता. 11 टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे 16.98 लाख, 10 टक्क्यांनी 16.27 लाख. वर्षाला 71 हजार वाचले.

मुक्ता: आणि मशीन कमावतं किती?

ओंकार: पूर्ण चाललं तर खर्च जाऊन 20 लाख.

मुक्ता: म्हणजे पूर्ण चालणार असेल तर 11 टक्क्यांनीही मालक घेईलच. आता ऑर्डरी घटल्या, मशीन सत्तर टक्केच चाललं. कमाई 14 लाख. 10 टक्क्यांनीही दोन लाखांहून जास्त तोटा. व्याज उतरल्याने 71 हजार सुटले, मागणी घटल्याने 6 लाख गेले.

ओंकार: पूर्ण चालूनही 16.5 लाखच कमावणारं मशीन असेल तर? तिथे माझाच एक टक्का निर्णय फिरवतो.

मुक्ता: फिरवतो, मान्य. पण असे काठावरचे प्रकल्प किती? आणि 2019 मध्ये गाड्यांची विक्री आपटली होती. आहे ती मशीनं रिकामी असताना नवं घेणार कोण?

इथे थांबून थोडं सांगतो, कारण मुक्ताचं वाक्य तिच्या बाजूने पुराव्यानिशी उभं करता येतं. रिझर्व्ह बँक कारखान्यांची क्षमता किती वापरली जाते याचं तिमाही सर्वेक्षण करते. 2019 च्या उत्तरार्धात हा आकडा सत्तर टक्क्यांच्याही खाली गेला होता. वरच्या हिशेबातले सत्तर टक्के मी त्यावरूनच सुचवले. मात्र दोन्ही गोष्टी एक नाहीत: सर्वेक्षण सगळ्या कारखानदारीची सरासरी सांगतं, एका मशीनचं भवितव्य नाही.

मुक्ताच्या हाती आणखी एक हुकमी पान द्या, बहुतेक विद्यार्थी ते विसरतात. ऑक्टोबर 2018 मध्ये घाऊक महागाई 5 टक्क्यांच्या वर होती, वर्षभराने ती शून्याच्या आसपास आली. मालकाच्या मालाचा भावच वाढत नसेल, तर कागदावर दर एक टक्क्याने उतरूनही कर्ज त्याला आधीपेक्षा जड जातं. मात्र घाऊक निर्देशांकात अन्नधान्य आणि इंधनही असतं, त्यामुळे सुट्या भागांचे भाव नेमके तेवढेच थंडावले असं तिला म्हणू देऊ नका.

ओंकारला शेवटी हे म्हणू द्या:

ओंकार: पण रिझर्व्ह बँकेने दर कापले ते मंदी दिसली म्हणूनच ना? मग दर खाली आणि गुंतवणूकही खाली, हे एकत्र दिसणारच. कापले नसते तर ती आणखी घसरली नसती कशावरून?

मुक्ता: नुसत्या 2019 च्या आकड्यांवरून ते मला खोडता येणार नाही. पण मग तुलाही 'नेहमी वाढते' म्हणता येणार नाही. 'दर न कापण्यापेक्षा बरं', एवढंच म्हण.

ओंकार: तेही बँकांनी दर खाली पोचवला तरच.

मुक्ता: त्यासाठीच तर 1 ऑक्टोबर 2019 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधायला लावली. मोठ्या कंपन्यांना ती सक्ती नव्हती.

सादर करताना हप्त्याचे दोन आकडे फळ्यावर लिहून ठेवा. कानाने ऐकून 16.98 आणि 16.27 कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि सर हमखास तिथेच विचारतात.