‘लपवला’ हा शब्द काढ
विम्याचा दावा नाकारणाऱ्या पत्राचा तुझा मसुदा वाचला. ‘आपल्या पतीने आजार लपवला’ हे वाक्य काढ. हेतू तू सिद्ध केलेला नाहीस, आणि वाचणारी बाई नुकतीच विधवा झाली आहे. असं लिही: ‘प्रस्तावात मधुमेहाच्या प्रश्नाला “नाही” असे उत्तर आहे, त्याच्या 2 वर्षे आधीच्या डिस्चार्ज कार्डावर इन्सुलिन चालू असल्याची नोंद आहे.’ कार्डाची प्रत जोड. हे माहीत असतं तर पॉलिसी दिलीच नसती, असं अंडररायटरकडून लेखी घे. ‘जादा प्रीमियम घेऊन दिली असती’ असं उत्तर आलं, तर पत्र थांबव. पॉलिसीला 3 वर्षं झालेली नाहीत ना, तेही बघ. झाली असतील, तर विमा कायद्याचं कलम 45 तिथेच अडवतं. फसवणुकीचा आरोप नसेल, तर हप्ते 90 दिवसांत परत द्यावे लागतात. ती रक्कम पत्रात लिही, आणि खाली विमा लोकपालाचा पत्ता.