'आत्या बनली', 'हिला बिघडवणार' : कॅप्शन कशी लिहावी?

प्रश्न : भावाला मुलगी झाली. फोटोखाली मी लिहिलं, 'मी आत्या बनली! आता हिला पूर्ण बिघडवणार.' आई म्हणते, बाळाबद्दल असं लिहू नकोस. मग 'स्पॉइल'ला मराठीत काय म्हणायचं?

आधी मनापासून अभिनंदन! आणि आईला जे खटकलं ते बरोबरच आहे. इंग्रजीत 'स्पॉइल' लाडानं म्हणता येतं, पण मराठीत मूल बिघडलं म्हणजे वाया गेलं, वाईट वळणाला लागलं. चार दिवसांच्या बाळाखाली तो शब्द गमतीतही नको वाटतो.

'शेफारणे'ही टाळा. 'फार शेफारलाय' असं आपण पोराला रागावताना म्हणतो. 'लाडावून ठेवलंय' मध्ये माया आहे, पण बोलणाऱ्याची तक्रारही आहे. हे वाक्य उद्या तुमची वहिनी तुम्हालाच ऐकवेल, तेव्हा ते तिच्यासाठी राहू द्या. तुम्हाला हवा आहे तो साधा 'लाड'. लाड करायचे, लाड पुरवायचे, फार तर बाळाला डोक्यावर बसवायचं. यात तुमचा वात्रटपणा दिसतो आणि बाळाला काही लागत नाही.

आता 'बनली'. नातं जुळतं तिथे मराठी 'होणे' वापरते : मुलगी झाली, मी आत्या झाले, तो काका झाला. 'बनली' हे हिंदीच्या सवयीनं येतं. 'मी झाली' असं बऱ्याच भागांत बोलतात आणि बोलण्यात ते गोडही लागतं, पण प्रमाण लेखनात बाई स्वतःबद्दल 'मी झाले' लिहिते. पुरुष 'झालो'. भावाची मुलगी तुमची भाची. 'पुतणी' ती तुमच्या दुसऱ्या भावाची, म्हणजे तिच्या काकाची.

या दुरुस्त्यांनंतर तुमचं वाक्य असं होईल :

'आत्या झाले! शिस्त आईबाबांकडे, लाड माझ्याकडे.'

पण आत्याला याहून मोठा मान आहे, तो कॅप्शनमध्ये यायला हवा असं मला फार वाटतं. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते ती आत्या, आणि त्याच क्षणी तिच्या पाठीवर बाकीच्या बायकांचे धपाटे पडतात. शिवाय भाषेनंच एक कोटी तयार ठेवली आहे. नाव ठेवणे म्हणजे बारसं करणे, आणि नावं ठेवणे म्हणजे दोष काढणे. फरक एका अनुस्वाराचा. म्हणून :

'आत्या झाले! हिचं नाव मी ठेवणार. माझ्या लाडांना नावं कुणी ठेवायची नाहीत.'

टाइप करताना दुसऱ्या 'नावं'वरचा अनुस्वार सुटू देऊ नका, तो गेला की गंमतच जाते. आणि 'नावे' असं ग्रांथिक रूप इथे नको, कारण कानाला दोन्ही शब्द जवळजवळ सारखे लागले तरच कोटी जमते.