सर्वात उंच शिखर म्हणजे रेणुभार नव्हे

तुमच्या मास स्पेक्ट्रमवर (इलेक्ट्रॉन आयनीकरण, ७० eV) १०५ चं शिखर सर्वात उंच आहे, म्हणून तुम्ही तोच रेणुभार धरलात. नवीन असताना बहुतेकांची हीच चूक होते. आधी उजव्या टोकाला जा. तिथे १२० आहे आणि त्याला चिकटून १२१ वर छोटं शिखर आहे, ते कार्बन-१३ मुळे येतं. १२० हाच रेणू-आयन, म्हणजे न तुटलेल्या अख्ख्या रेणूचा आयन असावा.

मग दोन गोष्टी तपासा:

- पहिली घट शक्य आहे का? १२० वजा १०५ म्हणजे १५, मिथिल गेला. ठीक. पण ती ५ किंवा १२ आली असती, तर खरा रेणू-आयन दिसतच नाही असं समजा. अल्कोहोलमध्ये रेणू-आयन बऱ्याचदा असा दिसत नाही.
- सम की विषम? १२० सम आहे, म्हणजे नायट्रोजन शून्य किंवा सम संख्येत.

आता पुढे. १०५ वरून ७७, म्हणजे २८ ची घट: CO गेला, फिनाइल उरला. त्यातून २६ जाऊन ५१. अंदाज: अ‍ॅसिटोफिनोन.

इथे घाई मात्र नको. क्युमिनचंही १२० आणि १०५ असंच दिसतं! फरक ७७ मध्ये आहे. अ‍ॅसिटोफिनोनमध्ये ते चांगलं उंच असतं, क्युमिनमध्ये बुटकं. ४३ वरचं अ‍ॅसिटाइलचं शिखरही बघा.

समस्थानिकांचं गणित सध्या बाजूला ठेवा. ७७ ची उंची किती आहे, तेवढं कळवा.