गणेश मंडळाच्या वार्षिक अहवालात हिशेब कसा सांगावा?

प्रश्न: मी मंडळाचा नवा चिटणीस आहे. सभेत जमाखर्च वाचायला लागलो की लोक उठून जातात. काय करू?

उत्तर: पूर्ण ताळेबंद छापून खुर्च्यांवर ठेवा आणि तोंडाने फक्त तीन आकडे सांगा: जमा, खर्च, शिल्लक. आमच्या मंडळात सहा वर्षं चिटणीस म्हणून मी हेच करतो. उदाहरणार्थ, "मागच्या शिलकेसह जमा ४ लाख ४० हजार, खर्च ४ लाख ५ हजार, शिल्लक ३५ हजार, त्यातले ३१ हजार बँकेत, ४ हजार रोख." रोख कोणाकडे आहे तेही लगेच सांगा, कारण पहिली शंका तिथेच येते. मग सगळ्यात मोठा खर्च घ्या. मांडव-रोषणाईला १ लाख ६५ हजार लागले, म्हणजे खर्चाच्या दर शंभर रुपयांतले साधारण एकेचाळीस. गेल्या वर्षीपेक्षा २८ हजार जास्त का, तर पाऊस थांबेना म्हणून ताडपत्रीऐवजी पत्रे टाकले. कारण कळलं की माणसं ऐकतात. पावती पुस्तकांचे क्रमांक वाचायला घेतलेत की चुळबुळ सुरू होते. हे सगळं पाच मिनिटांत बसतं. मात्र हिशेब तपासनीसाचा शेरा किंवा परत जमा न झालेली पावती पुस्तकं असतील, तर तेवढा भाग शब्दन् शब्द वाचा, कितीही वेळ लागो. ते छापील कागदावर सोडून दिलं, तर पुढच्या वर्षीची वर्गणी मागायला दारात उभं राहणं अवघड होतं.