देव न मानणाऱ्या घरी भेटायला जाताना

"माझ्या मैत्रिणीचे यजमान गेल्या आठवड्यात अचानक गेले. दोघंही देव न मानणारे, घरात कसले विधी नाहीत. मला भेटायला जायचंय, पण धीर द्यायचा म्हटलं की माझ्या तोंडात देव, आत्मा, सद्गती हेच शब्द येतात. ते बोलले तर तिला लागेल, आणि काहीच बोलले नाही तर मी कोरडी वाटेन. नक्की काय बोलू?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे दोनेक महिने येत असलेल्या एका बाईंचं सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या पार्ल्याच्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या, म्हणून मीही त्यांना बाईच म्हणते. नवरा बँकेतून निवृत्त. लग्न रजिस्टर्ड, घरात देव्हारा नाही, आणि मेल्यावर नेत्रदान आणि देहदान करायचं हे दोघांनी केव्हाच ठरवून फॉर्म भरलेले.

रात्री साडेतीनला ते कोसळले. बरीच वर्षं त्यांच्या रक्तदाबाचे उपचार करणारे डॉक्टर खालच्याच गल्लीत राहतात, ते आले, पण काही उरलं नव्हतं. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीची माणसं सकाळी सातलाच आली. अकराच्या सुमारास मेडिकल कॉलेजची गाडी देह घेऊन गेली. मालवणहून निघालेले नातेवाईक संध्याकाळी पोचले तेव्हा दाखवायला काहीच नव्हतं. "शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस," हे पहिलं वाक्य बाईंच्या कानावर पडलं.

त्या माझ्याकडे आल्या ते झोप येत नाही म्हणून. पण पहिल्या भेटीत त्या मुख्यतः लोक काय बोलले तेच सांगत होत्या. एक चुलत जाऊ म्हणाली, "दिवस घातले नाहीत, आता ते भटकतील." शेजारचे काका म्हणाले, "चांगल्या माणसांची देवालाही गरज असते." हे दुसरं वाक्य प्रेमाने बोललेलं, त्यावर बाईंनी चहा केला आणि काकांनाच समजावलं की मी ठीक आहे. तुम्ही गेलात आणि समोरची बाई तुम्हालाच धीर द्यायला लागली, खुर्ची द्यायला, चहा करायला उठली, तर समजा की तुमचं बोलणं तिच्यापर्यंत गेलेलं नाही. ती आता पाहुण्यांची सरबराई करते आहे.

इथपर्यंत तुम्हालाही अंदाज असेल. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. त्यांच्या चळवळीतले मित्र आले, ते तर देवाचं नावही न घेणारे. ते म्हणाले, "खंबीर राहा. त्यांनी देहदान करून आदर्श घालून दिलाय." एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं, की शरीरातले अणू नष्ट होत नाहीत, ते निसर्गात परत जातात. बाई मला म्हणाल्या, "अणूंचं मी पंचवीस वर्षं शिकवलं. मला तो हवाय, त्याचे अणू नकोत." देव काढून त्या जागी विज्ञान बसवलं की सांत्वन होतं असं पुष्कळांना वाटतं. पण तेही एक प्रवचनच. बाईंना स्वतःला अशा विचाराने बरं वाटत असेल तर त्या बोलतील, आपण आधी बोलू नये. आणि 'आदर्श' म्हटल्यावर रडायची तरी सोय कुठे राहते?

देवाच्या भाषेतली सांत्वनाची वाक्यं एका दमात तीन कामं करतात असं मला वाटतं. गेलेला माणूस बऱ्या ठिकाणी आहे, असं सांगतात. जे झालं त्यात कुणाचा दोष नाही, ती वरच्याची मर्जी, असं सांगतात. आणि मी तुझ्यासोबत आहे, हेही. देव न मानणाऱ्या माणसाच्या बाबतीत पहिलं काम आपण करू शकत नाही. त्याची भरपाई शोधू नका, ती नसतेच. उरलेली दोन मात्र करता येतात, पण वेगळ्या रीतीने.

दोषाचं आधी घेते, कारण बाईंची झोप तिथे अडकली होती. आदल्या रात्री जेवल्यावर नवऱ्याने छातीत जळजळतंय म्हटलं होतं. बाईंनी ॲसिडिटीची गोळी दिली आणि दोघं झोपले. "मी विज्ञानाची शिक्षिका. मला कळायला हवं होतं." सगळ्यांनी त्यांना सांगितलं, "वेळ आली होती, तुमच्या हातात काही नव्हतं." श्रद्धाळू माणसाला हे वाक्य खरंच मोकळं करतं, कारण दोष घ्यायला दुसरं कुणीतरी असतं. बाईंच्या डोक्यात असं कुणी नाही. मग सगळा हिशोब त्यांच्याच खात्यावर पडतो. त्यांना ते वाक्य ऐकू आलं ते असं, की तुम्ही विचारताय त्याचं उत्तर आम्हाला द्यायचं नाही.

म्हणून 'तुमची चूक नव्हती' असं मी पहिल्या भेटीत म्हटलं नाही. मी म्हटलं, "त्या रात्रीचं मला तासातासाने सांगा." जेवण किती वाजता, जळजळ कधी म्हणाले, गोळी कधी, ते काय म्हणाले, घाम होता का, हात दुखतोय म्हणाले का. सांगताना प्रत्येक ठिकाणी मी एकच विचारत होते: हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं, की नंतर कळलं? वहीच्या पानावर दोन रकाने केले. 'तेव्हा'मध्ये जळजळ, नेहमीचं जेवण, "आता बरं वाटतंय" हे त्यांचं वाक्य. 'नंतर'मध्ये बाकी सगळं.

मग आम्ही त्यांच्या डॉक्टरांना प्रश्न लिहून पाठवला. मीच उत्तर दिलं असतं तर त्यांनी ते मानलं नसतं, आणि ते बरोबरच होतं. डॉक्टर म्हणाले, की हृदयविकाराचं दुखणं पुष्कळदा ॲसिडिटीसारखंच वाटतं, ईसीजी काढल्याशिवाय मलाही छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. बाईंनी विचारलं, "आणि काढला असता तर?" डॉक्टर म्हणाले, "कदाचित वाचले असते. कदाचित नसते. मी सांगू शकत नाही."

हे उत्तर ऐकून त्यांना धक्का बसेल अशी मला भीती होती. पण त्या दिवशी त्या पहिल्यांदा मनापासून रडल्या आणि म्हणाल्या, "खरं तरी बोलले." तुमच्या मैत्रिणीच्या डोक्यात असा काही 'जर' असेल, आणि अचानक मृत्यूत तो बहुतेक असतोच, तर तो एका वाक्यात पुसायला जाऊ नका. "तेव्हा तुला जे माहीत होतं त्यावर तू वागलीस" एवढं म्हणता येतं, कारण ते खरं असतं. "तू काहीही केलं असतंस तरी हेच झालं असतं" हे मात्र आपल्याला ठाऊक नसतं, आणि तर्काने चालणाऱ्या माणसाला त्यातलं भोक लगेच दिसतं.

आता सोबतीचं. ज्या घरात दहावं, तेरावं होतं तिथे माणसांना यायला तारीख मिळते. दुःखात असलेल्या माणसाला कुणाला बोलवावं लागत नाही. बाईंकडे चौथ्या दिवशी हॉलमध्ये शोकसभा झाली, भाषणं झाली, आणि पाचव्या दिवसापासून घर रिकामं. "काही लागलं तर सांग" असं सगळे म्हणून गेले होते. ते सांगायला फोन उचलावा लागतो, आणि ती ताकद नेमकी तेव्हाच नसते. त्यांच्या मनात राहिला तो नवऱ्याचा बँकेतला एक सहकारी. तो दारातच म्हणाला, "मला काय बोलावं कळत नाहीये. बुधवारी अकराला मी येतो, फॅमिली पेन्शनच्या कागदांसाठी आपण बरोबर जाऊ. मृत्यूदाखल्याच्या झेरॉक्स मी काढून आणतो." आणि बुधवारी अकराला आला. हे सांगताना बाईंचा आवाज बदलला होता.

म्हणून तुम्ही जायच्या आधी मेसेज करा, काहीसा असा: "कळलं. फार वाईट वाटलं. शनिवारी चारला येते. नको वाटलं तर फक्त 'नको' लिही, मी समजून घेईन." फुलांची चित्रं आणि समईचे फोटो टाळा. भेटल्यावर तिच्या यजमानांचं नाव घ्या. 'ते' आणि 'जे झालं ते' असं आडून बोललं की माणूस दोनदा गेल्यासारखा वाटतो. एखादी बारीकशी आठवण असेल तर सांगा. "फार चांगले होते" यापेक्षा "मी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी मला माशाचे काटे काढून दिले होते" हे कितीतरी जवळचं. आणि विचारा, "काय झालं ते सांगावंसं वाटतंय का?" नाही म्हणाली तर गप्प बसा. मुंबईत घरं लहान, गप्प बसलेला माणूस अडचणीचा वाटतो खरा, तरी बसा.

तोंडातून "देवाने असं का केलं" निसटलंच तर लांबलचक माफी मागू नका, नाहीतर तिला तुमची समजूत काढावी लागेल. तिच्याच तोंडून "अरे देवा" निघालं किंवा ती फोटोशी बोलताना दिसली तर त्यावर हसू नका आणि बोटही ठेवू नका. बाई रोज रात्री दार लावताना "लावलं गं बाई, बघ" असं नवऱ्याचं वाक्य मोठ्याने म्हणतात. आत्मा ऐकतो असं त्यांना वाटत नाही. चाळीस वर्षांची सवय आहे ती.

काही गोष्टी बोलण्याच्या पलीकडच्या असतात. सहा महिने उलटले तरी रोजचं जगणं ठप्पच असेल, तर तिला समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. जगण्यात अर्थ नाही, मरावंसं वाटतं, असं ती म्हणाली तर मात्र एक दिवसही थांबू नका. तिला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर फोन करा, तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

आणखी एक. घरात तिच्या सासूबाई किंवा दुसरं कुणी देव मानणारं असेल, तर त्यांच्याशी त्यांच्याच शब्दांत बोला. तिथे देवाचं नाव तुमच्याकडून यायलाच हवं. फक्त एकीचं सांत्वन दुसरीच्या अंगावर जाऊ देऊ नका, जमलं तर दुसऱ्या खोलीत बसून बोला. बाईंच्या नणंदेने मालवणला भावाचं तेरावं केलं आणि नंतर फोन करून सांगितलं. बाई म्हणाल्या, "केलंस ते बरं झालं, तुझा भाऊ होता. जेवायला किती माणसं आली?"