फरकाला नऊने भागून बघ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, रिपोर्ट आणि ट्रायल बॅलन्स जुळत नाही, आणि आता सगळी व्हाउचरं एकेक करून तपासणार. थांब. त्याआधी आमच्या ऑफिसातल्या एका पोराची गोष्ट ऐक. तुझ्याएवढाच होता, नोकरीला लागून चार महिने झालेले.

महिनाअखेरीचा खर्चाचा रिपोर्ट मी बनवायचो. ज्यांची बिलं उशिरा येतात, त्यांच्या प्रोव्हिजनचे आकडे मी कागदावरून शीटमध्ये हाताने टाकायचो. लेजरमधली एंट्री अकाउंट्सवाले वेगळी करायचे. त्या महिन्यात ‘दुरुस्ती व देखभाल’चं बजेट होतं 62 लाख आणि माझ्या रिपोर्टात आकडा आला 61,20,000. बजेटच्या आत, म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिलंच नाही. खर्च चार लाखांनी वाढला असता तर साहेबांनी दहा मिनिटांत बोलावलं असतं. कमी दिसणाऱ्या खर्चाला कुणी जाब विचारत नाही, म्हणून तिथली चूक जास्त दिवस टिकते.

त्या पोराने मात्र रिपोर्ट लेजरशी लावून पाहिला. लेजरमध्ये 65,57,625 होते. फरक 4,37,625. त्या एका ओळीखाली चाळीसेक आकडे होते. माझ्याजवळ येऊन उभा राहिला, म्हणाला, “सर, फरकाला नऊने पूर्ण भाग जातोय.” आकड्यांची बेरीज त्याने तोंडीच केली होती: चार, तीन, सात, सहा, दोन, पाच, सत्तावीस. भागाकार आला 48,625. मग त्याने माझ्या शीटमध्ये 48625 शोधलं. सापडलं. एका मशीनच्या दुरुस्तीची प्रोव्हिजन होती ती. कागदावर रक्कम स्वल्पविराम न देता 486250.00 अशी छापलेली. शेवटी ओळीने आलेल्या शून्यांत माझ्या नजरेतून एक निसटलं आणि दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकलं.

हे का जमतं, ते एकदा नीट बघ. दशांशचिन्ह एक घर सरकलं की एक रक्कम दुसरीच्या दहापट होते. दहातून एक गेला, उरले नऊ. म्हणजे फरक हा लहान रकमेच्या बरोबर नऊपट असतो आणि नऊने भागलं की ती लहान रक्कमच हाती येते. दोन घरं सरकली, म्हणजे पैशांचे रुपये झाले किंवा रुपयांचे पैसे, तर 99 ने भागायचं.

पण नऊने भाग गेला म्हणजे चोर सापडला असं समजू नकोस. 73 च्या जागी 37 लिहिलं तरी फरक 36 येतो, त्यालाही नऊने भाग जातो. तेव्हा भागाकाराची रक्कम शीटमध्ये आहे का, ते पाहायचं. नसेल तर आकडे उलटसुलट झाल्याचा संशय घ्यायचा. दोन चुका एकत्र असल्या तर ही युक्ती बहुतेक वेळा पांगळी होते. आणि रक्कम सापडली तरी मूळ कागद उघडून पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. त्या पोराने माझ्याकडे तो कागद मागितला, तेव्हा मला जरा लागलंच. पण मागितला ते बरोबरच होतं.

रिपोर्ट तोवर प्लांट हेडकडे गेला होता. मला वाटत होतं, गुपचूप नवी फाइल पाठवून द्यावी. त्याने मेलचा मसुदा पुढे केला: “दुरुस्ती व देखभाल: आधीचा आकडा 61,20,000, सुधारित 65,57,625. एका प्रोव्हिजनमध्ये दशांशाची चूक. नफा 4,37,625 ने कमी. बाकी ओळींत बदल नाही.” जुनी फाइल तशीच ठेवली, नवीच्या नावापुढे तारीख घातली. प्लांट हेडचं उत्तर एका शब्दाचं आलं: “ओके.” बजेटपेक्षा साडेतीन लाख जादा का, हा प्रश्न मात्र दुसऱ्या दिवशी आला, आणि तो यायलाच हवा होता.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी आमच्या नशिबाने जुळून आली. लेजरमधली एंट्री दुसऱ्या माणसाने वेगळी केली होती, म्हणून फरक तरी दिसला. तीच माझ्या शीटवरून झाली असती तर दोन्हीकडे 48,625 आले असते, फरक शून्य, आणि सगळे खुशीत घरी गेले असते. अशी चूक नऊने भागून सापडत नाही. त्यासाठी मी नंतर प्रत्येक मोठ्या प्रोव्हिजनशेजारी मागच्या तीन महिन्यांचे आकडे ठेवायला लागलो. एरवी साडेचार-पाच लाखांचं काम एकदम अठ्ठेचाळीस हजारांत झालेलं दिसलं, की हात आपोआप फोनकडे जातो.

आता तुझा फरक किती येतोय, ते मला कळव. लाखांत नको, दोन दशांशांपुढचं सगळं त्यात गळून जातं आणि मग नऊने भागण्यात अर्थ उरत नाही. रुपयांत, शेवटच्या आकड्यापर्यंत लिही.

तुझा,
काका